पाच सह्यांवर निघालेय

रविवारी पहाटे मुंबईहून विमान आहे. फ्रँकफर्टला उतरायचं, तिथून रेल्वेने ड्रेस्डेन. तिथल्या टीयूमध्ये, म्हणजे तांत्रिक विद्यापीठात, दोन वर्षं जलविज्ञान आणि जलअभियांत्रिकी शिकणार आहे. बहुतेकांना हे माहीत आहे, कारण आमच्या आईने ते बडोद्यात दांडिया बाजारातल्या भाजीवाल्यांपर्यंत पोचवलं आहे.

जाण्याआधी विमानतळावरचा फोटो टाकायची पद्धत आहे. हातात पासपोर्ट, मागे आईबाबा डोळे पुसताना, आणि खाली स्वप्न, मेहनत, देवाची कृपा. माझाही फोटो येईलच, भावाने तशी तयारी ठेवली आहे. पण तसल्या फोटोखाली पैशाबद्दल कोणी एक ओळ लिहीत नाही, आणि आपल्यासारख्या घरांमध्ये खरी गोष्ट तिथेच असते. मला आभार मानायचे आहेत, तर ते हिशेबासकट मानते. पोस्ट लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी एक गैरसमज. "जर्मनीत शिक्षण फुकट असतं ना?" हे मी इतक्या लग्नांत ऐकलंय की आता नुसती मान हलवते. माझ्या अभ्यासक्रमाला शिकवणीची फी नाही हे खरं. दर सत्राला तीनशे युरोच्या जरा वरखाली वर्गणी भरली की झालं. पण व्हिसा मिळण्याआधी पहिल्या वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च दाखवावा लागतो, आणि तो दाखवायची सर्रास वापरली जाणारी वाट म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट. आपल्या नावाच्या खात्यात ११,९०४ युरो भरायचे. ते एकदम काढता येत नाहीत. तिथे पोचल्यावर दरमहा ९९२ युरो सुटतात, बारा महिने. आम्ही पैसे पाठवले तेव्हा युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे बारा लाखांना थोडे कमी. फुकट शिक्षणाचा हा पहिला हप्ता, एकरकमी आणि आगाऊ.

दुसऱ्या वर्षालाही साधारण तेवढेच लागणार. दोन वर्षांचं गणित मांडून आम्ही बावीस लाखांचं शैक्षणिक कर्ज काढायचं ठरवलं. वरचा खर्च, म्हणजे तिकीट, पदवीचे कागद तपासणाऱ्या एपीएसचे अठरा हजार, व्हिसा, थंडीचे कपडे आणि बँकेला दाखवायचा आपला वाटा, हे बाबांच्या बचतीतून. आमच्या बँकेला एवढ्या रकमेसाठी तारण हवं होतं. आणि आमच्याकडे तारण ठेवण्याजोगी वस्तू एकच: दांडिया बाजारातलं घर.

ते घर ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. पुढे अरुंद, आत लांबच लांब, सागवानी खांब, माडीवर झोपाळा. आजोबांनी नोकरीत असताना स्वतःच्या नावावर विकत घेतलेलं. बँकेचा व्हॅल्युअर आला, टेपने मापं घेतली, खांबांवर बोटाने ठकठक केलं, आणि अहवालात बांधकामाची किंमत जवळपास नाही अशीच धरली. जुनी वीट, लाकडी तुळया, आयुष्य संपत आलेलं, म्हणून किंमत काय ती जमिनीची. आजी दोन दिवस त्या माणसाला नावं ठेवत होती. मी सिव्हिलची असल्यामुळे मला त्याचं म्हणणं कळत होतं, पण मी गप्प बसले. झोपाळ्यावर बसून तसं बोलायची हिंमत झाली नाही. जमिनीच्या किमतीत कर्ज सहज बसत होतं, त्यामुळे अडचण तिथे नव्हतीच.

अडचण निघाली प्रॉपर्टी कार्डावर. आजोबांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी सिटी सर्व्हेच्या कार्डावर अजून त्यांचंच नाव. घरपट्टी बाबा भरत होते, वीजबिल बाबांच्या नावावर, त्यामुळे आम्ही सगळे समजून चाललो होतो की घर बाबांचं आहे. बँकेच्या वकिलाने कागद पाहिले आणि शांतपणे विचारलं, "बाकीचे वारस कुठे आहेत?"

जुन्या बडोद्यात हे घरोघरी आहे, म्हणून नीट सांगते. आजोबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. स्वतः घेतलेली मिळकत आणि मृत्युपत्र नाही, म्हणजे १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे बायको आणि सगळी मुलं-मुली, सगळ्यांना सारखा वाटा. आजी, बाबा, पुण्याचा काका, ठाण्याची मोठी आत्या आणि इंदूरची धाकटी आत्या. पाच माणसं, एकेकाला एक पंचमांश. बाबांचं एकट्याचं असं त्या घरात तेवढंच. बँक पाचव्या हिश्शावर कर्ज देत नाही. थकलं तर पाचवा हिस्सा विकायचा कुणाला?

म्हणून आधी पेढीनामा, म्हणजे आजोबांपासून खालची वंशावळ, पंचांच्या सह्यांनिशी. मग मृत्यूचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र लावून वारसाई नोंदीचा अर्ज. "बेन, आ तो बधाना नाम चडशे," असं खिडकीवरच्या माणसाने मला दोनदा बजावलं, जणू मी कुणाचं नाव चुकवायला आले होते. तसं येणारेही असतात म्हणा. बहिणींना वंशावळीतून गाळून नोंद करून घेतली, आणि दहा वर्षांनी घर विकताना वकिलाने ती काढून दाखवली, असे किस्से त्या रांगेत उभं राहिलं की फुकट ऐकायला मिळतात.

पाचही नावं चढली. आता दोन वाटा होत्या. एक, आजी, काका आणि दोन्ही आत्यांनी आपला हक्क बाबांच्या नावे सोडून द्यायचा. गुजराथेत याला हक कमी म्हणतात. सगळं घर बाबांचं झालं की बाबा एकटेच गहाण ठेवतील. सुटसुटीत, वकिलाची पसंती याच वाटेला. दोन, पाचही जणांनी मिळून घर गहाण ठेवायचं आणि पाचही जणांनी कर्जाला जामीन राहायचं. जास्त सह्या, जास्त माणसं, आणि एकाने नाही म्हटलं की सगळं अडलं.

काका फोनवर म्हणाला, "अरे, पहिलंच कर. मुली कुठे हिस्सा मागणार आहेत?" वाईट हेतूने नाही म्हणाला. आपल्याकडे असंच बोलतात. बहिणीने सही करून द्यायची, मग भावाने भाऊबीजेला जरा भारी साडी घ्यायची, झाला व्यवहार.

बाबा तसे कमी बोलणारे. ते इतकंच म्हणाले, "माझी मुलगी शिकायला जातेय, आणि त्यासाठी मी माझ्या बहिणींना घरातून वजा करू?"

या पोस्टमध्ये मला खरं तर एवढंच सांगायचं होतं. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलीचं कौतुक सगळे करतात. मुलगी काय, मुलगा काय, आम्हाला सारखंच, हेही लोक मोठ्या आवाजात सांगतात. पण त्या मुलीचं कर्ज ज्या कागदावर उभं राहतं, त्या कागदावर तिच्या आत्याचं नाव ठेवलंय की खोडलंय, ते जरा बघा. माझ्या शिक्षणासाठी दोन बायकांचा हक्क गेला असता, तर मी तरी कुठल्या तोंडाने पुढारलेपण मिरवणार होते?

तर दुसरी वाट. आणि तिथे धाकटी आत्या अडून बसली. मला त्या वेळी भयंकर राग आला होता. आज वाटतं, सगळ्या घरात नीट वाचून सही करणारी ती एकटीच होती.

बँकेतले साहेब म्हणत होते, "फॉर्मॅलिटी आहे." आत्या इंदूरला शाळेत गणित शिकवायची, तिला फॉर्मॅलिटी हा शब्द आवडत नाही. तिने कागद मागवून घेतले आणि मला फोन केला. "जामीनदार म्हणजे साक्षीदार नव्हे. कर्ज थकलं तर बँक तुला आधी विचारायला बांधलेली नाही, सरळ माझ्याकडे येऊ शकते. बरोबर?" बरोबर. १८७२ च्या करार कायद्यापासून तसंच आहे, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच. "आणि घर?" तेही सांगितलं. हप्ता नव्वद दिवसांच्या वर थकला की खातं बुडीत धरतात, मग साठ दिवसांची नोटीस, आणि त्यातही भरले नाहीत तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली बँक न्यायालयात दावा न लावताही तारण ताब्यात घ्यायची कारवाई सुरू करू शकते. आत्या थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता मला तुझ्या हप्त्याचं गणित दाखव. नोकरी लागेल वगैरे सोड. आकडे दाखव."

दाखवले. इथे देते, कारण हे गणित मांडताना माझाही अंदाज कोसळला होता, आणि कुणाला उपयोग होईल.

व्याज साधारण दहा टक्के धरा. शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष, एवढा काळ हप्ता भरायचा नाही. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं, सरळव्याजाने. पहिल्या वर्षी बारा लाख उचलले, तर त्यावर दरवर्षी एक लाख वीस हजार, तीन वर्षांचे तीन लाख साठ हजार. दुसऱ्या वर्षी उरलेले दहा लाख, त्यावर दोन वर्षांचे दोन लाख. एकूण पाच लाख साठ हजार. ते भरलं नाही तर मुदलात मिसळतं, आणि बावीस लाखांचं कर्ज साडेसत्तावीसच्या वर जाऊन बसतं. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साडेछत्तीस हजार. तेच व्याज दर महिन्याला भरत गेलो, म्हणजे पहिल्या वर्षी दहा हजार आणि नंतर अठरा हजारांच्या थोडं वर, तर हप्ता एकोणतीस हजारांवर राहतो. दोन्हींत महिन्याला साडेसात हजारांचा फरक, आणि तोही दहा वर्षं.

आत्या म्हणाली, "मग व्याज दरमहा भरायचं. कोण भरणार ते आज लिहा, मी सही करते." बाबा पहिल्या वर्षीचं भरणार, दुसऱ्या वर्षी बाबा आणि काका अर्धंअर्धं, आणि मला नोकरी लागली की दुसऱ्या महिन्यापासून ते माझ्याकडे. वहीच्या पानावर लिहिलं, पाचांनी वाचलं. त्या पानाला कायद्याने काय किंमत आहे ते वकिलालाच विचारा. आमच्या घरात गहाणखताइतकीच आहे. मग ती इंदूरहून आली, ठाण्याची आत्या आली, काका आला. आजीने तिच्या थरथरत्या अक्षरात सही केली. अंगठ्याला तयार नव्हती, "मी चिमणाबाईत शिकलेय" म्हणाली.

उचललेले पैसे कर्जाचे असल्यामुळे बाहेर पाठवताना टीसीएस हा आगाऊ कर कापला गेला नाही. २०२५ च्या एप्रिलपासून तशी सूट आहे. स्वतःच्या बचतीतून पाठवणाऱ्यांनी दहा लाखांच्या वरच्या रकमेवर काय लागतं ते आधी बघून ठेवावं. इतकी वर्षं बँकांच्या नावाने खडे फोडल्यावर हे एक बरं सांगण्यासारखं होतं, म्हणून सांगितलं.

कर्जाची कागदपत्रं घेऊन फिरताना मला या गावातलाच एक जुना करार सारखा आठवत होता. सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला बडोदा संस्थानाची शिष्यवृत्ती दिली. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची, असा करार. इथपर्यंतची गोष्ट बडोद्यातले लोक छाती फुगवून सांगतात, आणि मीही महाराजांनीच काढलेल्या कलाभवनाच्या आवारात शिकलेली, त्यामुळे महाराजांचा अभिमान मलाही आहे. पण पुढचं पान आपण पटकन उलटतो. करार पाळायला ते १९१७ साली इथे आले, तेव्हा एवढ्या मोठ्या पदवीच्या माणसाला या शहरात राहायला जागा कुणी दिली नाही. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. मग कामाठी बागेतल्या झाडाखाली ते बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात.

लहानपणापासून त्या बागेत जातेय, प्राणी बघायला, टॉयट्रेनमध्ये बसायला. हे सगळं मला कॉलेजात कळलं. आमच्या गल्लीतली बरीच घरं त्याआधीची आहेत. त्यांतलं एकही दार उघडलं नाही. ज्या गल्लीतल्या घराच्या तारणावर मी आज शिकायला निघालेय, तिची ही बाजूही माझ्या खात्यावर लिहिलेली असू दे. मला ड्रेस्डेनमध्ये खोली मिळेल का, याची जी काळजी मी करत होते, ती त्या अनुभवाच्या शेजारी ठेवायची माझी लायकी नाही.

काळजी आहे मात्र. घाबरलेय, खोटं कशाला बोलू. ब्लॉक्ड अकाउंटमधले पैसे पोचल्या पोचल्या हातात येत नाहीत. आधी पत्त्याची नोंदणी, त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र, मग तिथल्या बँकेत खातं, मग खात्याचा नंबर कळवायचा, आणि मग ९९२ युरो. यात कुठेही आठवडा अडला की पुढचं सगळं अडतं. सुदैवाने विद्यार्थी वसतिगृहात खोली मिळाली आहे. तरी अनामत, पहिलं भाडं, विमा हे आधी भरायचं आहे, म्हणून पहिल्या महिन्याचे युरो वेगळे घेऊन निघालेय. खोलीला तीनशेच्या घरात, आरोग्य विम्याला दीडशेच्या आतबाहेर, उरलेल्या पाचशे-साडेपाचशेत जेवण, फोन, पुस्तकं, आणि आजारी पडायचं नाही.

"तिथे काम करून फेडशील की" म्हणणाऱ्या सगळ्या काकांना: विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. म्हणजे करता येतं एवढंच. जर्मन भाषा माझी अजून भाजीबाजारापुरती आहे, आणि अभ्यासक्रम इंग्रजीत असला तरी हॉटेलातली गिऱ्हाइकं इंग्रजीत नसतात. त्या पैशावर हप्ता धरायचा नाही, असं आत्याच्या वहीत लिहिलेलं आहे.

आणि मग जायचं तरी कशाला? २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्याकडे काका-मावशांची तीन कुटुंबं राहायला आली होती. माडीवर झोपायला जागा नव्हती. रस्त्यावरून मगर चालल्याचे व्हिडिओ जगभर गेले, लोक हसले. मला हसू आलं नाही. नदीपात्रात काय काय बांधलंय, आजवा धरणातून पाणी कधी सोडतात, शहरातला पाऊस कुठे साठतो, यावर त्या आठवड्यात जो तो बोलत होता आणि आकडे कुणाकडेच नव्हते. ड्रेस्डेनमध्ये २००२ साली एल्ब नदी ९.४० मीटरवर चढली होती, जुनं शहर पाण्यात होतं. त्या पुरानंतर त्यांनी काय मोजलं, काय बदललं आणि काय त्यांनाही जमलं नाही, ते मला बघायचंय. त्यांच्याही एका मोठ्या पुलाचा, कारोला पुलाचा, एक भाग २०२४ च्या सप्टेंबरात मध्यरात्रीनंतर एकाएकी नदीत कोसळला. तेव्हा सगळं शहाणपण तिकडेच आहे अशा समजुतीत मी जात नाहीये. पण या विचाराने पोटात ज्या गुदगुल्या होतात ना, त्या भीतीपेक्षा जरा जास्तच आहेत.

बॅग भरून झाली. आजीचं कढवलेलं तूप आणि पेढे काढून ठेवावे लागले. दुधाचे पदार्थ युरोपात प्रवाशाला नेता येत नाहीत. आजीचं यावर म्हणणं असं, की मग त्या लोकांना पुरात वाहून जाऊ दे. मेतकूट, गोडा मसाला, भाजणी आणि लीला चिवडा मात्र आत बसलेत. भाजणी तपासणीत कुणी उघडली तर समजवायला मी वाक्य पाठ केलंय.

आईचे आभार इथे मानत नाही. तिने पोस्ट वाचली की ती लगेच शेजारी वाचून दाखवेल, आणि मला गल्लीतून निघणं अवघड होईल.

शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत घरी आहे, भेटायला या. येताना काही आणू नका, तेवीस किलो झालेत. ज्यांच्याकडे माझं हायड्रॉलिक्सचं पुस्तक आहे (तुला माहीत आहे तू कोण), ते घेऊनच ये. आणि सिटी सर्व्हेच्या कार्डावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव असेल, तर कुणाला कर्ज लागायची वाट न बघता वारसाईचा अर्ज करून टाका. आमच्या पेढीनाम्याची कॉपी बाबांकडे आहे, नमुना म्हणून देतील, फक्त जेवायच्या वेळेला जाऊ नका.